तीच अकरा माणसं, निवडायचे तिघंच. मग एकदा ९९० आणि एकदा १६५ कसे?

नेरूळच्या एका सोसायटीत अकरा जणांची नवी मॅनेजिंग कमिटी निवडून आली आहे, असं धरा. पहिल्या बैठकीत दोन विषय आहेत. पहिला, या अकरांतून चेअरमन, सेक्रेटरी आणि ट्रेझरर ठरवायचे. दुसरा, इमारतीच्या रंगकामाची कोटेशनं तपासायला याच अकरांतून तिघांची टीम नेमायची. माणसं तीच, निवडायचे तिघंच. तरी पहिली निवड ९९० प्रकारे होऊ शकते आणि दुसरी फक्त १६५ प्रकारे.

अकरावी-बारावीत हाच फरक पर्म्युटेशन आणि कॉम्बिनेशन या नावांनी येतो. सूत्रं मुलांना पाठ असतात. गाडी अडते ती शब्दांत दिलेलं उदाहरण वाचून कोणतं सूत्र लावायचं इथे. ‘क्रम महत्त्वाचा असेल तर पर्म्युटेशन’ हे वाक्य वर्गात शंभरदा ऐकलेलं असतं, पण पदाधिकारी निवडताना कसला आलाय क्रम? कोणी रांगेत उभं राहत नाही, कोणाचा पहिला-दुसरा नंबर येत नाही. म्हणून ‘क्रम’ हा शब्द थोडा वेळ बाजूला ठेवून सोसायटीच्या नोटीस बोर्डाकडे बघू.

नोटीस बोर्डाची कसोटी

निवड झाल्यावर बोर्डावर जी नोटीस लागेल, तिचा मजकूर मनात लिहा. पदाधिकाऱ्यांची नोटीस अशी असेल: ‘चेअरमन – अनघा, सेक्रेटरी – बशीर, ट्रेझरर – चारू’. आता अनघा आणि बशीर यांची अदलाबदल करा. नोटीस बदलली, सह्या करणारी माणसं बदलली, पत्रव्यवहार कोणाकडे जाणार तेही बदललं. म्हणजे ही वेगळी निवड झाली.

टीमची नोटीस मात्र अशी असेल: ‘रंगकामाच्या टीममध्ये अनघा, बशीर आणि चारू’. इथं नावं मागेपुढे केली तर टायपिंग बदलेल, टीम तीच राहील. ही नवी निवड नाही.

कसोटी एवढीच: निवडलेल्यांपैकी कोणत्याही दोघांची अदलाबदल केली तर नोटिशीचा अर्थ बदलतो का? बदलत असेल तर प्रत्येक अदलाबदल वेगळी मोजायची, नसेल तर सगळ्या मिळून एकदाच. पुस्तकातल्या ‘क्रमा’चा अर्थही हाच आहे, फक्त तिथं रांगेऐवजी पदं असतात. आपल्याकडे याचं जुनं उदाहरण म्हणजे विष्णूच्या मूर्ती. चार हातांत शंख, चक्र, गदा आणि पद्म याच चार वस्तू. कोणती वस्तू कोणत्या हातात यावरून केशव, नारायण, माधव अशी चोवीस रूपं होतात. भास्कराचार्यांनी ११५० सालच्या ‘लीलावती’त हीच गणती करायला दिली आहे: ४ × ३ × २ × १ = २४. ‘या मूर्तीजवळ कोणत्या वस्तू आहेत’ एवढंच विचारलं असतं, तर चोवीसही मूर्तींचं उत्तर एकच आलं असतं. हात म्हणजे पदं, वस्तू म्हणजे माणसं.

पदांची मोजणी

तीन पदांची नावं कागदावर एकाखाली एक लिहा आणि प्रत्येकासमोर ते पद किती जणांना देता येईल ते लिहा. चेअरमनसाठी ११ जण आहेत. एक जण चेअरमन झाल्यावर सेक्रेटरीसाठी १० उरतात, मग ट्रेझररसाठी ९.

११ × १० × ९ = ९९०

इथं बेरीज का नाही आणि गुणाकार का, हे एकदा नीट बघून घ्यावं. अनघा चेअरमन झाली, तर तिच्या सोबतीला सेक्रेटरीचे १० पर्याय आहेत. बशीर चेअरमन झाला, तरीही १०. अकराही चेअरमनांबरोबर दहा-दहा, म्हणून ११० जोड्या. आणि प्रत्येक जोडीबरोबर ट्रेझररचे ९. सेक्रेटरीसाठी उरलेली माणसं चेअरमन कोण झालं यावर अवलंबून असतात, पण त्यांची संख्या नेहमी १० असते. गुणाकार चालतो तो या ‘नेहमी’मुळे. पुढे एका अटीत हा ‘नेहमी’ मोडतो आणि नेमकी तिथंच सगळ्यात जास्त उत्तरं चुकतात.

टीमची मोजणी: सहाने भागायचं ते का

टीमसाठी पुन्हा ११ × १० × ९ केलं तर काय होतं? पहिलं नाव घेतलं अनघाचं, दुसरं बशीरचं, तिसरं चारूचं. ही एक टीम मोजली. पुढे कधीतरी पहिलं नाव चारूचं, दुसरं अनघाचं आणि तिसरं बशीरचं घेतलं, आणि तीच टीम पुन्हा मोजली गेली. किती वेळा? तीन नावं एकापुढे एक लिहायचे ३ × २ × १ = ६ प्रकार आहेत. अनघा, बशीर, चारू यांचे ते सहा असे:

अबच, अचब, बअच, बचअ, चअब, चबअ

९९० च्या यादीत प्रत्येक टीम बरोबर सहा वेळा येते, ना कमी ना जास्त. म्हणून ९९० ÷ ६ = १६५.

पाच जणांवर हे पूर्ण लिहून बघता येतं. अनघा, बशीर, चारू, दिलीप आणि ईशा यांची आद्याक्षरं घ्या आणि एक शिस्त पाळा: टीम लिहिताना अक्षरं नेहमी याच ओळीने लिहायची, मागचं अक्षर पुढे आणायचं नाही. मग टीम अशा निघतात:

अबच, अबद, अबई, अचद, अचई, अदई, बचद, बचई, बदई, चदई

दहा झाल्या. पदं असती तर ५ × ४ × ३ = ६० आले असते, आणि ६० ÷ ६ = १०. ओळ पाळायच्या शिस्तीमुळे सहा लिखाणांपैकी एकच कागदावर येतं, म्हणून भागाकार न करताही उत्तर बरोबर येतं. हाताने यादी करताना ‘बअच’ किंवा ‘चबअ’ असं काही दिसलं, तर शिस्त मोडली आहे आणि एखादी टीम दोनदा आली आहे असं समजा.

भागाकार मनाला पटत नसेल तर उलट दिशेने या, ते बहुतेकांना सोपं जातं. आधी नुसते तिघं निवडा, १६५ प्रकारे. मग त्या तिघांत तीन पदं वाटा, ६ प्रकारे. १६५ × ६ = ९९०. पदाधिकारी निवडणं म्हणजे टीम निवडणं आणि वर पदवाटप करणं. टीममध्ये हे वाटप नसतं, म्हणून तिथं सहापट कमी. हा सहा अकरावरून आलेला नाही, तो तीन पदांवरून आला आहे. कमिटी १९ जणांची असली तरी दोन आकड्यांतलं प्रमाण सहाच राहील. पदं चार केली तर मात्र ते ४ × ३ × २ × १ म्हणजे २४ होईल.

एक्सेलमध्ये ताळा घ्यायचा असेल तर:

```
=PERMUT(11,3)
=COMBIN(11,3)
```

पहिल्याचं उत्तर ९९०, दुसऱ्याचं १६५. पण कोणतं वापरायचं हे एक्सेल सांगत नाही, आणि पुढची उदाहरणं यांतल्या एकाने थेट सुटतही नाहीत.

टीमला एक प्रमुख असेल तर

प्रत्यक्षात टीम अशी नेमली जाते: एक निमंत्रक आणि दोन सदस्य. हे पर्म्युटेशन की कॉम्बिनेशन? दोन्ही नाही. नोटीस बोर्डाची कसोटी लावा. निमंत्रक आणि सदस्य यांची अदलाबदल केली तर नोटीस बदलते. दोन सदस्यांची आपसात केली तर बदलत नाही. म्हणून निमंत्रक ११ प्रकारे निवडायचा आणि उरलेल्या दहांतून दोघे सदस्य १० × ९ ÷ २ = ४५ प्रकारे.

११ × ४५ = ४९५

उलट बाजूने: कोणत्याही तिघांत निमंत्रक कोण हे ३ प्रकारे ठरतं, आणि १६५ × ३ = ४९५. म्हणजे १६५ आणि ९९० ही दोन टोकं आहेत. ‘तिघं’ म्हटलं की यांतला एक आकडा, असं ठरलेलं नसतं. जितकी पदं खरोखर वेगळी, तितकीच मोजणीत वेगळी धरायची. ‘एक कॅप्टन असलेली टीम’ असं उदाहरण आलं की ‘टीम’ शब्द वाचून १६५ लिहिणारे बरेच असतात.

अट पदावर आली की सहा मोडतो

आता धरा की अकरांपैकी तिघांनाच हिशेब कळतो आणि ट्रेझरर त्यांच्यातलाच हवा असं बैठकीत ठरलं. नेहमीच्या सवयीने चेअरमनपासून सुरू केलंत तर ११, मग १०, आणि ट्रेझररशी आल्यावर अडकलात. आधीच्या दोन पदांवर हिशेबवाले गेले नसतील तर ३ उरतात, एक गेला असेल तर २, दोघे गेले असतील तर १. मघाचा ‘नेहमी’ इथं मोडला, आणि ११ × १० × ३ = ३३० हे उत्तर चुकलं.

उपाय सोपा आहे: ज्या पदावर अट आहे ते आधी भरा. ट्रेझरर ३ प्रकारे. मग उरलेल्या दहा जणांतून चेअरमन १०, सेक्रेटरी ९.

३ × १० × ९ = २७०

पदं कोणत्या ओळीने भरायची हे आपल्या हातात असतं. बैठकीत चेअरमनचं नाव आधी घेतात म्हणून गणितातही आधी घ्यायला हवं असं नाही.

आता मोह होतो की टीमचं उत्तर २७० ÷ ६ = ४५ असेल. तसं नाही. टीममध्ये ट्रेझरर नावाचं पदच नाही, त्यामुळे तिथं अट बसवायची तर ती ‘निदान एक हिशेबवाला हवा’ अशी होईल. अशा टीम किती? एकूण १६५ मधून एकही हिशेबवाला नसलेल्या काढा. उरलेल्या आठ जणांतून तिघं म्हणजे ८ × ७ × ६ ÷ ६ = ५६. उत्तर १६५ − ५६ = १०९. आणि २७० ला १०९ ने भागलं तर पूर्ण संख्याही येत नाही.

असं का झालं, ते या १०९ टीम वेगळ्या केल्या की दिसतं. ज्या टीममध्ये एकच हिशेबवाला आहे, तिथं तोच ट्रेझरर होणार. उरलेले दोघं दोन पदं २ प्रकारे वाटून घेतील. अशा टीम ३ × २८ = ८४, म्हणजे १६८ नोटिसा. ज्या टीममध्ये दोन हिशेबवाले आहेत, त्यांत ट्रेझरर कोण हे २ प्रकारे आणि बाकी पदं २ प्रकारे, मिळून ४. अशा टीम ३ × ८ = २४, म्हणजे ९६ नोटिसा. तिघंही हिशेबवाले असलेली टीम एकच, आणि तिथं सहाही वाटपं चालतात. बेरीज १६८ + ९६ + ६ = २७०. ताळा जमला. सहाने भागता येतं ते प्रत्येक टीम सारख्याच वेळा मोजली गेली असेल तेव्हाच; इथं कोणी दोनदा आली, कोणी चारदा, एक सहादा.

‘निदान एक’ आणि १८० ची चूक

अट पदावर नसून माणसांवर असेल तर प्रमाण टिकतं. समजा अकरांत ४ स्त्रिया आणि ७ पुरुष आहेत, आणि तिघांत निदान एक स्त्री हवी. टीमसाठी: एकूण १६५, त्यांतून तिन्ही पुरुष असलेल्या ७ × ६ × ५ ÷ ६ = ३५ वजा करा, उरल्या १३०. पदांसाठी: ९९० − २१० = ७८०. आणि १३० × ६ = ७८०, कारण ज्या टीममध्ये स्त्री आहे तिची सहाही वाटपं अटीत बसतात.

पण बरेच जण टीमसाठी असा विचार करतात: आधी चौघींतून एक घेऊ, म्हणजे अट पूर्ण, मग उरलेल्या दहांतून कोणीही दोघं घेऊ. ४ × ४५ = १८०. ऐकायला अगदी बरोबर वाटतं. पण एकूण टीमच १६५ आहेत, त्यांतल्या अट पाळणाऱ्या १८० कशा असतील? चूक इथं आहे: अनघा आणि ईशा दोघीही टीममध्ये असल्या, तर ती टीम एकदा ‘आधी अनघा’ म्हणून आणि एकदा ‘आधी ईशा’ म्हणून मोजली जाते. ‘अट पूर्ण करणारी’ असं एक गुप्त पद आपणच तयार केलं, आणि ते नोटिशीवर नाहीच.

किती जादा मोजलं, तेही काढता येतं. एकच स्त्री असलेल्या ४ × २१ = ८४ टीम एकेकदा मोजल्या गेल्या. दोन स्त्रिया असलेल्या ६ × ७ = ४२ टीम दोनदा, म्हणजे ८४. तिन्ही स्त्रिया असलेल्या ४ टीम तीनदा, म्हणजे १२. एकूण १८०; खऱ्या टीम ८४ + ४२ + ४ = १३०. इथं उत्तर एकूण संख्येच्या वर गेलं म्हणून चूक पकडता आली, पण दर वेळी तसं नशीब नसतं. तेव्हा ‘निदान एक’ दिसलं की ‘एकही नाही’ मोजून वजा करणं सुरक्षित.

एकालाच दोन पदं चालत असतील तर

सोसायटीत सहसा चालत नाहीत, पण उदाहरणात ‘एकाच व्यक्तीकडे कितीही पदं असू शकतात’ असं दिलेलं असतं. मग प्रत्येक पदासाठी ११ च पर्याय: ११ × ११ × ११ = १३३१. याला सहाने भागून बघा, भाग जातच नाही. कारण अनघाकडेच तिन्ही पदं असतील तर ते वाटप यादीत एकदाच येतं, आणि अनघाकडे दोन व बशीरकडे एक असेल तर तीनदा. जिथं नावं परत येऊ शकतात तिथं सहाचा भागाकार लागू नाही. आणि मोजणीच्या शेवटी अपूर्णांक आला, तर खाली लिहिलेला भाजक तपासायचा.

चिठ्ठ्या टाकल्या तर

कोणीच पुढे येत नाही म्हणून डब्यात अकरा चिठ्ठ्या टाकायचं ठरलं. टीमसाठी एकदम तीन चिठ्ठ्या उचलायच्या. पदांसाठी पहिली चिठ्ठी चेअरमनची, दुसरी सेक्रेटरीची, तिसरी ट्रेझररची. दिलीपचं नाव निघण्याची शक्यता कुठं जास्त?

टीममध्ये: दिलीप नक्की धरून उरलेल्या दहांतून दोघं, म्हणजे ४५ टीम. ४५ भागिले १६५ म्हणजे ३/११. पदांमध्ये: दिलीपला तीनपैकी एक पद आणि बाकीची दोन पदं दहांतून १० × ९ = ९० प्रकारे, म्हणजे २७०. २७० भागिले ९९० म्हणजेही ३/११. वरचा आणि खालचा आकडा दोन्ही सहापट झाले, म्हणून शक्यता हलली नाही. शक्यता विचारली असेल तर नोटिसांनी मोजा किंवा टीमनी मोजा, दोन्ही चालतं. फक्त ‘दिलीप ट्रेझररच होईल का’ असं विचारलं तर टीमनी मोजणी करून भागत नाही, कारण टीमला ट्रेझरर माहीतच नसतो. तिथं नोटिसाच मोजाव्या लागतात: ९० भागिले ९९०, म्हणजे १/११.

चूक होते ती वर एक पद्धत आणि खाली दुसरी वापरल्यावर. वर ४५ टीम आणि खाली ९९० नोटिसा घेतल्या की १/२२ येतं. हे उत्तर पूर्णांक नसल्याने डोळ्यांना खटकत नाही आणि एकापेक्षा कमीही असतं, म्हणून बिनबोभाट निसटतं. ते पकडायला अकराही जणांच्या शक्यतांची बेरीज करा. टीममध्ये जागा तीन आहेत, तेव्हा ती बेरीज ३ यायला हवी, आणि ११ × ३/११ बरोबर ३ च होते. १/२२ धरलं तर बेरीज अर्धी येते. तीन जागांसाठी अर्धाच माणूस.